राउटरचं सेटअप कार्ड मराठीत करून हवंय, पण बटणांची नावं आहेत तशीच ठेवून

जुळेकर
नमस्कार मंडळी. मी पुण्यात, आईवडील सोलापुरात, जुळे सोलापूरला. जुना राउटर मे महिन्यात गेला म्हणून नवा मागवून थेट घरी पाठवला. केबलवाल्याचा पोरगा आला, दहा मिनिटांत चालू करून गेला. इथपर्यंत ठीक.

बॉक्समध्ये एक घडीचं कार्ड होतं, सगळं इंग्रजीत. भाच्यानं हौसेनं त्याचं मराठी करून अप्पांना वहीत लिहून दिलं. पठ्ठ्यानं सगळंच मराठी केलं. मागच्या WPS/Reset बटणाला लिहिलं 'पुन्हा सुरू करा'. दिव्यांचीही नावं बदलली. दुसऱ्या दिवशी नेट मंद वाटलं. वहीत लिहिलेलं, 'अडचण आल्यास पुन्हा सुरू करा हे बटण दाबून ठेवा.' अप्पांनी दाबून ठेवलं. पोरानं केलेलं सेटिंग सगळं पुसलं गेलं. आता नेट नाही, आणि तो पोरगा म्हणतो चार दिवसांनी येतो. दरम्यान अप्पांनी सगळ्या वायरी काढून, धूळ पुसून, राउटर परत खोक्यात ठेवलाय.

अप्पा मिलमध्ये जॉबर होते. इंग्रजी वाक्य वाचत नाहीत, पण अक्षरं पक्की ओळखतात. मशीनवरची START, STOP, INCH ही बटणं त्यांनी आयुष्यभर तशीच वापरली, कुणी त्यांना मराठी नाव दिलं नाही. म्हणून मला असं मराठी हवंय की वाक्य मराठी, पण बटणावर जे छापलंय ते तसंच. म्हणजे अप्पा कागदावरचं अक्षर आणि राउटरवरचं अक्षर जुळवून बघतील. दिव्यांचे रंगही कार्डावर आहेत तेच हवेत. कार्डाचे फोटो जोडलेत. राउटरच्या तळाचाही जोडलाय.

बार्शीचा_नेटवाला
एवढं कशाला? सगळे राउटर सारखेच असतात. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाका, admin आणि admin टाका, झालं. आणि नवा राउटर असला तरी आधी एकदा रीसेट मारायचाच, नाहीतर सेटिंग धरत नाही.

शेंगाचटणी
@जुळेकर, आधी तो तळाचा फोटो काढून टाका. त्या चिकटपट्टीवर तुमच्या वायफायचं नाव, पासवर्ड आणि सीरियल नंबर तिन्ही स्वच्छ वाचता येतायत.

दुसरं, कार्डाच्या फोटोची खालची कड कापली गेलीये. तिथे बारीक अक्षरांत काहीतरी आहे, आणि बारीक अक्षरांतच सहसा खरी गोष्ट असते. चौथ्या पायरीवर ट्यूबलाइटची चकाकी आलीये, तिथलं बटणाचं नाव दिसत नाही. कार्ड खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, वरून सरळ काढायला सांगा. अंदाजानं नाव भरायला मी तयार नाही. तुमच्या भाच्यानं तेच केलं असणार.

कमळ_अक्कलकोट
ताई, तुम्ही भाषांतर करताय तर माझ्या वॉशिंग मशीनचं पण कार्ड आहे, त्यावर नुसती चित्रंच आहेत. टोपलीत एक रेघ, दोन रेघा. त्याचा अर्थ सांगाल का?

शेंगाचटणी
@कमळताई, ती टोपली म्हणजे पाण्याची घमेली आणि रेघा म्हणजे पाण्याचा ताप असावा किंवा कपड्याचा नाजूकपणा, चिन्ह बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. वेगळा धागा काढा, फोटो टाका. इथे राउटर चालू दे.

जुळेकर
तळाचा फोटो काढला. चूक झाली. आईनं अंगणात उन्हात कार्ड ठेवून नवा फोटो पाठवलाय, कडेसकट. कोपऱ्यात शेंगा वाळत घातलेल्या दिसतायत, त्याकडे दुर्लक्ष करा.

शेंगाचटणी
आता स्वच्छ आहे. घ्या. जे शब्द राउटरवर किंवा स्क्रीनवर छापलेत ते इंग्रजी अक्षरांतच ठेवलेत. बाकी वाक्यं अप्पांना मोठ्यानं वाचून दाखवता येतील अशी केलीत.

पायरी १. मोडेम बंद करा. त्याला बॅटरी असेल तर तीही काढा.

पायरी २. सोबत आलेल्या केबलचं एक टोक मोडेममध्ये लावा, दुसरं टोक राउटरच्या मागच्या निळ्या भोकात. त्यावर Internet लिहिलंय. बाकीची चार भोकं पिवळी आहेत, त्यांवर 1, 2, 3, 4 आहे. त्यांत लावू नका.

पायरी ३. मोडेम सुरू करा आणि साधारण २ मिनिटं थांबा.

पायरी ४. राउटरचा अडॅप्टर लावा. मागचं Power On/Off बटण आत दाबा. (चकाकीत हेच झाकलं गेलं होतं.)

पायरी ५. समोरचे दिवे बघा. Power, 2.4GHz आणि 5GHz हे तिन्ही हिरवे आणि स्थिर हवेत, म्हणजे लुकलुकता कामा नयेत. Internet हा हिरवा किंवा नारिंगी असेल. हिरवा म्हणजे इंटरनेट येतंय. नारिंगी म्हणजे केबल लागली आहे पण इंटरनेट येत नाही. विझलेला म्हणजे केबलच नीट लागलेली नाही. 2.4GHz आणि 5GHz दोन्ही विझलेले असतील तर मागचं Wi-Fi बटण २ सेकंदांहून जास्त दाबून सोडा.

पायरी ६. फोनच्या वायफाय यादीत राउटरच्या तळाशी छापलेलं नाव शोधा. तिथेच छापलेला पासवर्ड टाका.

पायरी ७. ब्राउझर उघडून http://192.168.0.1 टाका. राउटरसाठी नवा पासवर्ड ठरवा, दोनदा टाका, Let's Get Started दाबा.

पायरी ८. जोडणीचा प्रकार निवडा. ठाऊक नसेल तर Auto Detect दाबा. मग Next.

पायरी ९. वायफायचं नाव आणि पासवर्ड हवा तर बदला, Next, मग Save. नाव बदललं असेल तर फोन तुटेल, नव्या नावानं परत जोडा.

आणि ती कापली गेलेली खालची कड. तिथे एकाच बटणाची दोन कामं लिहिलीयेत, म्हणून मी दोन वेगळी वाक्यं केलीत. WPS/Reset हे बटण १ सेकंदापेक्षा कमी दाबून सोडलं तर WPS चालू होतं. तेच बटण Power दिवा लुकलुकेपर्यंत, म्हणजे सुमारे १० सेकंद दाबून ठेवलं तर सगळी सेटिंग पुसून राउटर कारखान्यातून आला तसा होतो.

भाच्याचा घोटाळा इथे झाला. राउटर बंद करून चालू करणं आणि राउटर कोरा करणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, पण मराठीत दोन्हींना आपण 'पुन्हा सुरू' म्हणून मोकळे होतो. अप्पांच्या कागदावर मी असं लिहीन: नेट मंद झालं तर Power On/Off दाबून बंद करा, अर्धा मिनिट थांबा, परत दाबा. WPS/Reset ला हात लावायचा नाही.

बार्शीचा_नेटवाला
मग मी काय वेगळं सांगितलं? माझ्याकडे 192.168.1.1 च आहे.

शेंगाचटणी
तुमच्याकडे असेल. या कार्डावर 0.1 छापलंय, मी 0.1 लिहिलं.

जोडारी
उशिरा आलो. अकरा वर्षं केबलच्या लायनीत होतो, फायबर ओढण्यापासून घरात बॉक्स लावण्यापर्यंत. ताईंनी भाषांतर चोख केलंय, एक शब्दही बदलू नये. पण कार्ड लिहिणाऱ्यानं सोलापूरचं घर बघितलेलं नाही, म्हणून काही जागी कार्डाबाहेरचं सांगावं लागेल.

बार्शीकरांचं अर्धं बरोबर आहे. वापरलेला राउटर दुसऱ्याकडून घेतला असेल तर कोरा करूनच सुरुवात करावी. नव्याला गरज नाही, तो कोराच असतो. आणि अप्पांनी तर तो आधीच कोरा केलाय.

पायरी १ मधला 'मोडेम' म्हणजे तुमच्या भिंतीवरचा पांढरा बॉक्स, ज्यात पिवळसर बारीक फायबर शिरते. त्यावर PON आणि LOS असे दिवे असतील. त्याला आत बॅटरी नसते. पण जुळे सोलापूरला लाइट जाते म्हणून अनेकांनी छोटा यूपीएस लावलेला असतो. तसा असेल तर भिंतीवरचं बटण बंद करून उपयोग नाही, बॉक्स यूपीएसवर जिवंतच राहतो. यूपीएसची पिन बॉक्समधून उपटा. कार्डावरच्या 'बॅटरी काढा'चा तुमच्याकडे अर्थ तो.

ही पायरी लोक टाळतात, पण तिला कारण आहे. बऱ्याच जोडण्यांत बॉक्स किंवा पलीकडचं केबलवाल्याचं यंत्र आधी जोडलेल्या राउटरची ओळख धरून बसतं. नवा राउटर जोडला तरी त्याला ते विचारत नाही. बॉक्स खरोखर बंद होऊन चालू झाला की ती पकड बहुतेक वेळा सुटते.

फायबरला हात लावू नका, वाकवू नका, काढून पुसू तर अजिबात नका. अप्पा पुसणारे दिसतायत म्हणून सांगतो.

सिद्धेश्वरपेठ_४
आमच्यात बी हेच झालतं बघा. पण ते 5GHz म्हणजे फाइव्हजी का ओ? माझा फोन फोरजी हाय, मग त्या दिव्याचा मला काय उपेग? मी ते बटण दाबून बंदच करून ठिवलं होतं.

जोडारी
नाही हो, 5GHz चा मोबाइलच्या फाइव्हजीशी संबंध नाही. घरातल्या वायफायचे ते दोन पट्टे. 2.4GHz भिंतीपलीकडे लांब जातो, 5GHz जवळ असताना वेगात चालतो. फोरजी फोनसुद्धा 5GHz पकडतो, तो पट्टा फोनमध्ये असला म्हणजे झालं. आणि तुम्ही ते Wi-Fi बटण दाबलं असेल तर दोन्ही बंद झाले असतील, एकटा 5GHz नाही.

सिद्धेश्वरपेठ_४
व्हय व्हय. म्हणून पोरगं बोंबलायलंय दोन दिवस.

जोडारी
आता पायरी ७, जिथे सगळ्यात जास्त लोक अडकतात आणि कार्ड त्यावर एक अक्षर बोलत नाही. राउटरला अजून नेट मिळालेलं नाही, म्हणून फोन जोडल्या जोडल्या विचारतो की या वायफायला इंटरनेट नाही, जोडलेलंच राहू का? आपण विचार न करता नाही म्हणतो, किंवा फोन स्वतःच मोबाइल डेटावर जातो. मग 192.168.0.1 टाकलं की पान उघडतच नाही, कारण फोन राउटरशी बोलतच नसतो. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करा आणि फोनला 'जोडलेला राहा' सांगा.

पत्त्याच्या आधी http:// टाकायचंच. नुसते आकडे टाकले तर काही फोन ते शोधायला घेतात आणि समोर दहा वेबसाइट येतात. त्यांपैकी एकीवर अप्पांनी पासवर्ड टाकायला नको.

पायरी ८ मध्ये Auto Detect वर डोळे झाकून विसंबू नका. आपल्याकडे स्थानिक फायबरला पुष्कळ ठिकाणी PPPoE असतं, म्हणजे केबलवाल्यानं दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्ये भरावा लागतो. काही ठिकाणी तो पांढरा बॉक्सच ते काम करतो आणि राउटरला फक्त Dynamic IP लागतं. ओळखायची ढोबळ खूण अशी: पांढरा बॉक्स स्वतःचं वेगळं वायफाय सोडत असेल तर बहुधा Dynamic IP. नसेल सोडत, तर PPPoE धरून चाला.

जुळेकर
जोडारीदादा, बॉक्सला वेगळं वायफाय नाही. छोटा यूपीएस आहे, बरोबर ओळखलंत. अप्पा म्हणतात तो त्यांनी उपटलाच नव्हता.

दोघांचं मिळून अठरा आकारातल्या अक्षरांत छापून इथून कुरियर केलं असतं, पण अप्पांना आजच करायचंय. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, शेजारचा मुलगा झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आणेल.

दत्तचौककर
एक शंका. कार्डावर इंग्रजीत ऑरेंज आहे, ताईंनी नारिंगी केलं. माझ्या राउटरवर तो दिवा सरळ पिवळा दिसतो. माझ्या आईला नारिंगी शब्दच कळत नाही, ती केशरी म्हणते. मग 'रंग तोच ठेवा' म्हणजे नक्की काय ठेवायचं?

शेंगाचटणी
चांगला मुद्दा काढलात, मी लिहिताना इथेच थांबले होते. दुसऱ्या काही राउटरांच्या कार्डावर अंबर असतं, त्याचं लोक पिवळा करतात, आणि मग घरातला माणूस हळदीसारखा पिवळा शोधत बसतो. केशरी म्हटलं तरी माझी हरकत नाही. अट एकच, पूर्ण कागदावर तोच शब्द हवा. एका पायरीत नारिंगी, दुसरीत पिवळा असं झालं की वाचणाऱ्याला तीन रंगांचा दिवा वाटतो.

आणि दिसतो कसाही, या कार्डापुरतं Internet दिव्याला दोनच रंग आहेत. हिरवा नसेल आणि पेटलेला असेल, तर तो नारिंगीच.

दत्तचौककर
हिरवा-लाल फरक न दिसणारी माणसं असतात त्यांचं काय? माझा मेव्हणा तसा आहे. त्याला दोन्ही सारखेच मळकट दिसतात.

शेंगाचटणी
त्यांच्यासाठी भाषांतरात काही करता येईल असं मला वाटत नाही. कंपनीनं एकाच भोकातून दोन रंग काढलेत.

जुळेकर
पहिला प्रयोग झाला, अहवाल देतो.

पायरी १ ते ४ अप्पांनी एकट्यानं केल्या. कागद हातात, बोट अक्षरावर. Power On/Off सापडल्यावर म्हणाले, 'हां, हे आपलं मेन.' पायरी ५ ला Internet दिव्यावरून मात्र घरात वाद. आई म्हणते केशरी. अप्पा म्हणतात हिरवट. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. एकेक डोळा झाकून बघितलं तर दोन डोळ्यांना दोन वेगळे रंग! मी म्हटलं फोटो पाठवा. फोटोत दिव्याच्या जागी पांढरा ठिपका.

शेंगाचटणी
अंधारात जवळून काढला असणार. खोलीतला दिवा लावा, दोन हात मागून काढा, आणि फोनच्या स्क्रीनवर त्या दिव्यावर बोट ठेवलं की उजेड आपोआप कमी होतो. फोटोऐवजी दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, म्हणजे स्थिर आहे की लुकलुकतोय तेही कळेल. फोटोत लुकलुकणारा दिवाही पेटलेलाच दिसतो.

जोडारी
रंगाचं भांडण मिटवायला दुसरा रस्ताही आहे. पायरी ७ चं पान उघडलं की त्यात कुठेतरी Internet च्या खाली IP Address दिसतो. तिथे 0.0.0.0 असेल तर नेट आलेलं नाही, दिवा कुठल्याही डोळ्याला कसाही दिसो. दत्तचौककरांच्या मेव्हण्यालाही हे चालेल.

जुळेकर
व्हिडिओ आला. नारिंगी, स्थिर. आई जिंकली.

पान उघडलं, मोबाइल डेटा बंद केल्यावर लगेच. Auto Detect दाबलं तर त्यानं Dynamic IP निवडून दिलं. Next, Next, Save. दिवा नारिंगीच. IP Address 0.0.0.0. वीस मिनिटं वाट बघून आता जेवायला बसलेत.

जोडारी
अपेक्षितच होतं. आधी पांढऱ्या बॉक्सकडे बघा. PON हिरवा स्थिर आणि LOS विझलेला असेल तर लाइन ठीक आहे. LOS लाल लुकलुकत असेल तर फायबरमध्येच उजेड येत नाही, मग राउटरमध्ये कितीही शिरलात तरी उपयोग नाही, केबलवाल्यालाच बोलवा.

लाइन ठीक असेल तर जोडणीचा प्रकार PPPoE करा. युजरनेम-पासवर्ड केबलवाल्याच्या पावतीवर किंवा जोडणी दिली त्या दिवशीच्या मेसेजमध्ये असतो. नसेल तर त्या पोराला फक्त एवढंच फोनवर विचारा, त्याला घरी यायची गरज नाही.

बार्शीचा_नेटवाला
हे मात्र खरं. माझ्याकडे पण PPPoE च निघालं होतं. मी चार वेळा रीसेट मारला होता त्याच्यापायी.

कमळ_अक्कलकोट
चार वेळा!

जुळेकर
PON हिरवा स्थिर, LOS विझलेला. युजरनेम-पासवर्ड आईच्या फोनमध्ये जुन्या मेसेजमध्ये सापडला, अडीच वर्षांपूर्वीचा. अप्पांनी भरला. Save. नारिंगी. परत भरला. नारिंगी. आता पासवर्ड बदलला असेल का?

जोडारी
बदललाही असेल. पण आधी दोन गोष्टी बघा. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो आणि सुचवलेला शब्द घेतला तर शेवटी एक रिकामी जागा सोडतो. ती डोळ्यांना दिसत नाही. पासवर्डच्या शेजारी डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून अक्षर न अक्षर मेसेजशी ताडून बघा. शून्य की ओ, एक की एल, हेही.

जुळेकर
झालं! हिरवा!

तेच होतं, पहिलं अक्षर मोठं पडत होतं. मी फोनवर इकडून, 'अप्पा, पहिलं अक्षर धाकटं हवं, थोरलं नको.' अप्पा म्हणाले, 'आधी सांगायचंस की, धाग्याचा नंबर चुकला की कापड चुकतंच.'

पायरी ९ मध्ये जोडारीदादांना न विचारता एक गोष्ट केली. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुन्या राउटरचाच टाकला. टीव्ही, आईचा फोन, शेजारच्या मुलाचा फोन (हो, त्याच्याकडेही आहे असं आत्ता कळलं) सगळे आपोआप जोडले गेले.

जोडारी
ते उत्तम केलंत. फक्त शेजाऱ्याचा विचार करा.

सिद्धेश्वरपेठ_४
माझं बी लागलं बगा. ते Wi-Fi बटण परत दोन सेकंद दाबलं, दोन्ही दिवे आले. पोरगं गप झालं.

एक विचारायचं हुतं. त्या WPS चा उपेग काय मग?

जोडारी
पासवर्ड न टाकता यंत्र जोडायची सोय. बटण टिचकीसारखं दाबलं की दोन मिनिटं दार उघडं राहतं, तेवढ्यात प्रिंटरवरचं WPS दाबलं की जोडलं जातं. नव्या अँड्रॉइड फोनांत ते उरलेलंच नाही, आयफोनमध्ये कधी नव्हतंच. ज्या घरात जुना प्रिंटर नाही त्या घरात त्या बटणाचा उपयोग एकच, चुकून रीसेट होणं.

दत्तचौककर
मग एकाच बटणावर दोन्ही कामं का ठेवतात? रीसेटला टाचणीचं भोक ठेवायचं ना, पूर्वी असायचं तसं.

जोडारी
काहींवर अजून असतं. एक बटण वाचवलं की पैसे वाचतात, असा माझा अंदाज. भोक असलेलं मॉडेल मिळत असेल तर म्हाताऱ्या माणसांच्या घरी तेच घ्यावं.

शेंगाचटणी
मी पहिल्या मसुद्यात WPS/Reset ला 'WPS/Reset (कोरा करणे)' असं लिहिलं होतं, मग खोडलं. कंसात काहीही लिहिलं की माणूस तेच नाव समजतो आणि राउटरवर 'कोरा करणे' शोधतो. पण काहीच न लिहिता तसंच ठेवणं बरोबर का, याची अजून खात्री नाही. अप्पांना INCH चा अर्थ कुणीतरी एकदा तोंडी सांगितलाच असेल ना.

जुळेकर
विचारलं मी त्यांना. म्हणाले, 'सांगितला नाही, दाबून बघितलं. मशीन एवढंसं सरकलं, कळलं.' म्हणजे बघा, सवय जुनीच आहे.

आईनं आज फोटो पाठवलाय. WPS/Reset वर अप्पांनी इन्सुलेशन टेपचा तुकडा लावलाय, काळा, दोन पदरी. आणि प्रिंटच्या मागे पेन्सिलीनं स्वतःची आवृत्ती लिहिलीये, नऊ पायऱ्यांच्या चार केल्यात. दिव्यासाठी लिहिलंय: 'हिला विचारणे.'

राहिलेली एक तक्रार: रात्री दोनच्या सुमारास Internet दिवा पाच मिनिटं केशरी होतो आणि आपोआप हिरवा होतो, असं आई म्हणते. रोज नाही, आठवड्यातून दोनदा वगैरे. टेप लावल्यानं तर नाही ना, असं अप्पांचं म्हणणं.

जोडारी
टेपचा संबंध नाही. रात्री केबलवाले यंत्रं बंद-चालू करतात तेव्हा PPPoE तुटून परत जोडलं जातं, तसं असू शकेल. पण तुमच्याकडे तेच आहे हे इथून नाही सांगता येणार. पुढच्या वेळी झालं की त्याच क्षणी पांढऱ्या बॉक्सवरचा LOS बघायला सांगा.

आणि रात्री दोनला आई राउटरकडे का बघत असतात?

जुळेकर
देवघराशेजारीच आहे तो. पाणी प्यायला उठते.